मदत हवी आहे: विकलेलं मशीन रजिस्टरमध्ये कसं दाखवायचं?

आमच्या छोट्या भागीदारी वर्कशॉपचं स्थिर मालमत्ता रजिस्टर एक्सेलमध्ये बनवतेय. एका लेथवर अडलेय. जून २०२२ मध्ये जीएसटी सोडून ३,८०,००० ला घेतलं, वाहतूक आणि बसवणं २०,००० धरून मूळ किंमत ४,००,०००. घटत्या शिलकीवर १५ टक्के घसारा: पहिल्या वर्षी ६०,०००, दुसऱ्या वर्षी ५१,०००. शिल्लक २,८९,०००. १ एप्रिल २०२४ ला ते २,५०,००० ला विकलं.

पुस्तकांत ३९,००० तोटा दिसतो. आयकरात मात्र बाकीची मशीन त्याच गटात असल्याने २,५०,००० गटातून वजा होतात, तोटा वेगळा निघत नाही. मग एकाच ओळीत दोन्ही हिशेब ठेवता का, की आयकराच्या गटासाठी वेगळी शीट? विकलेल्या मशीनची ओळ तशीच ठेवून फक्त विक्रीची तारीख आणि रक्कम भरायची, असं मला वाटतं. तुम्ही कसं करता?