मदत हवी आहे: नव्या देशातल्या डॉक्टरांना थायरॉइडचा इतिहास पत्रात कसा लिहून देऊ?

रानजाई:
नमस्कार मंडळी. नाशिकहून नुकतीच लीड्सला आले आहे. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवलं, पुढच्या आठवड्यात पहिली भेट आहे. रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या, "दहा मिनिटं मिळतील, जुनं काही असेल तर लिहून आणा." माझ्याकडे रिपोर्टांची जाडजूड फाइल आहे, ती दहा मिनिटांत कोण वाचणार? म्हणून एक पानी पत्र करते आहे. इंग्रजीत नंतर करीन, आधी मजकूर ठरू दे. कच्चा मसुदा असा:

"डॉक्टर, मला 2017 पासून हायपोथायरॉइड आहे. वय 36.
2017: टीएसएच 18.4, फ्री टी4 0.6, अँटी-टीपीओ खूप जास्त. 50 सुरू. दोन महिन्यांनी टीएसएच 6.2, म्हणून 75. नंतर अनेक वर्षं 2 च्या आसपास.
2021: गरोदरपणात 100. 2022 मध्ये बाळंतपणानंतर पुन्हा 75, तेव्हा टीएसएच 2.9.
2023: टीएसएच 9.1, डोस 100.
2024: टीएसएच 0.08, फ्री टी4 2.0, डोस 88.
सध्या 88, शेवटचा टीएसएच 1.9."

एवढं पुरेसं आहे का? आकडे इथल्या एककात बदलून द्यायचे का? आणि गोळ्या संपत आल्यात, तेही लिहायचं का?

कोथिंबीरवडी:
रानजाई, आकडे आधी बदलून घे हो. इकडे सगळी एककं वेगळी असतात. माझ्या नवऱ्याची साखर इथे 7 आली, मी घाबरूनच गेले. मग कळलं की आपल्याकडची ती 126. टीएसएचचंही तसंच असणार.

नागलीभाकर:
कोथिंबीरवडी, साखरेबाबत बरोबर, टीएसएचबाबत नाही. मी कोल्हापुरात पॅथॉलॉजीत आहे. टीएसएचचं एकक कागदावर वेगळं छापलेलं दिसतं, पण आकडा तोच राहतो. 1.9 म्हणजे तिकडेही 1.9. बदलतो तो फ्री टी4. आपला 0.6 तिकडे साधारण 7.7 होईल, 2.0 चा जवळपास 26. पण रानजाईने स्वतः गुणाकार करून नुसता नवा आकडा लिहू नये. मूळ आकडा, मूळ एकक आणि आपल्या लॅबने छापलेली नॉर्मल मर्यादा, हे तिन्ही लिहावं. अँटी-टीपीओचा तर आकडाच नको, "पॉझिटिव्ह" पुरे. एकदा पॉझिटिव्ह आल्यावर ती चाचणी परत करायची गरज नसते, आणि पैसेही वाचतात.

आता माझा मुख्य प्रश्न. टीएसएच चढला म्हणजे अंगात थायरॉइडचं हॉर्मोन कमी पडतंय. मग 2023 मध्ये तो 9.1 वर का गेला? चांगलं चाललेलं असताना एकदम तिप्पट का? पत्रात डोसांची यादी आहे, कारण एकाचंही नाही. डॉक्टरला सगळ्यात जास्त उपयोग कारणाचा होतो.

रानजाई:
आता आठवलं! तेव्हा हिमोग्लोबिन कमी होतं म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी लोह आणि कॅल्शियम लिहून दिलं होतं. सगळं सकाळीच, एकाच डबीतून. थायरॉइडची गोळी वेगळी घ्यायला कोणी सांगितलं नव्हतं. मग टीएसएच वाढला म्हणून डोस वाढला. पुढे लोहाचा कोर्स संपला, पण 100 तसंच चालू राहिलं.

नागलीभाकर:
तेच. लोह आणि कॅल्शियम आतड्यात गोळीला धरून ठेवतात, रक्तात ती कमी पोचते. म्हणून 75 घेऊनही शरीराला त्याहून कमी मिळत होतं. लोह थांबलं, अडसर निघाला, आणि 100 पूर्ण अंगी लागू लागलं. मधे चार तासांचं अंतर ठेवलं असतं तर कदाचित डोसाला हातच लावावा लागला नसता. हे पत्रात नसेल तर नवे डॉक्टर यादी बघून म्हणतील, हिचा आजार फारच वरखाली होतो, आणि उगाच तपासण्या लावतील.

सातारचा_पेढा:
लंडनजवळ फार्मसीत काम करतो, एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. ताई, तुमची 88 ची गोळी इथल्या काउंटरवर मिळणार नाही. आमच्याकडे 12.5, 25, 50, 75 आणि 100 चालतात. तुमच्या जीपीकडे तीन वाटा असतील. 75 ला 12.5 जोडून 87.5 करणं. किंवा एक दिवस 75, दुसऱ्या दिवशी 100. औषध अंगात आठवडाभर रेंगाळतं, त्यामुळे सरासरी चालते. तिसरी वाट म्हणजे सरळ 75 किंवा 100 करून टाकणं, आणि घाईत तीच निवडली जायची भीती आहे. म्हणून 88 वर कसे आलात ते दोन ओळींत ठासून लिहा.

"मायक्रोग्रॅम" हा शब्द पूर्ण लिहा. लघुरूपात हस्ताक्षर बिघडलं की मिलिग्रॅम वाचलं जातं. आणि गोळीच्या ब्रँडसोबत औषधाचं नाव लिहा, लेव्होथायरॉक्सिन सोडियम. थायरोनॉर्म हे नाव इथल्या डॉक्टरला ओळखीचं असेलच असं नाही.

अजून एक. इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे पैसे लागतात, पण थायरॉइड हॉर्मोन कायम घ्यावं लागणाऱ्यांना माफीचं प्रमाणपत्र मिळतं. एफपी 92ए नावाचा फॉर्म जीपीच्या दवाखान्यात मागा, डॉक्टर सही करतात. पाच वर्षं चालतं, आणि मग थायरॉइडचंच नव्हे तर बाकीची एनएचएस औषधंही मोफत मिळतात. कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून लिहितोय. (स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तसेही पैसे नाहीत.)

कोथिंबीरवडी:
अगं, कशाला एवढा व्याप? आमच्या शेजारणीची आई वर्षभराच्या गोळ्या पिशवीत घालून आणते. आणि कोबी, फ्लॉवर बंद कर, मी बंद केल्यापासून माझं वजन चार किलोने उतरलं.

रानजाई:
काकू, वजनाचा प्रश्न नाहीये माझा. 🙂 आणि गोळ्या आणल्या तरी रक्त तपासून डोस ठरवणारं कोणी लागेलच ना.

नागलीभाकर:
शिजवलेल्या कोबीला माझी हरकत नाही, पण तो वेगळा विषय. रानजाई, एक शंका मला सोडत नाहीये. टीएसएच 0.08 आला तेव्हा केसांसाठी काही घेत होतीस का? बायोटिनच्या गोळ्या, कॅप्सूल, गमीज?

रानजाई:
हो! केस खूप गळत होते, मैत्रिणीने सुचवलेल्या कॅप्सूल. डबी शोधली, लेबलवर बायोटिन 10 मिलिग्रॅम आहे. का हो?

नागलीभाकर:
काही मशिनांची चाचणी बायोटिनवर आधारलेली असते. रक्तात बायोटिन भरपूर असेल तर टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी4 खोटा जास्त दिसू शकतो. अगदी डोस जास्त झाल्यासारखं चित्र. तुझ्या लॅबमध्ये कोणतं मशीन होतं ते मला ठाऊक नाही, त्यामुळे तुझा 0.08 खरा की खोटा हे मी इथून सांगणार नाही. लोह थांबल्यामुळे 100 जास्त झालं असणंही तितकंच शक्य आहे. दोन्ही मिळूनही घडू शकतं. तेव्हा त्रास काय होत होता?

रानजाई:
धडधड व्हायची, हात थोडे थरथरायचे. पण तेव्हा लेक दीड-दोन वर्षांची, रात्री झोप नाही, दिवसा चहावर चहा. नेमकं कशामुळे ते सांगता येणार नाही.

सातारचा_पेढा:
मग असंच लिहा, "कारण नक्की नाही". उलट खात्री नसताना "100 मला सोसत नाही" असं लिहिलंत तर तो शिक्का कायम राहील. पुढे कधी डोस वाढवायची वेळ आली तर डॉक्टर बिचकतील.

नागलीभाकर:
अगदी. उद्या पुन्हा गरोदर राहिलीस तर डोस वाढवावा लागतो, पहिल्या खेपेला तसंच झालं ना. पुढचं मूल हवं असेल तर ती एक ओळही टाक. तिकडेही गर्भ राहिल्याचं कळताच लगेच डॉक्टरांना कळवायला सांगतात. आणि पुढची तपासणी करताना बायोटिन दोन-तीन दिवस आधी बंद असू दे, शिवाय रक्त गोळी घेण्याआधी दे.

75 वर बाळंतपणानंतर 2.9 होता, म्हणजे तोही ठीकच होता. मग 88 कशाला, असं जीपी विचारू शकतात. उत्तर इतकंच की 1.9 वर चांगलं चाललंय आणि सध्या हात लावायचं कारण दिसत नाही. पण ते 75 वर उतरायला सुचवलं तर तीही चूक नाही, मात्र नंतर तीन महिन्यांत रक्त तपासायला हवं.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. बघा आता जमलंय का. तारखा बाजूला वेगळ्या लिहीन, रिपोर्टांच्या प्रती मागे जोडेन:

"डॉक्टर, मला 2017 पासून ऑटोइम्यून हायपोथायरॉइडिझम आहे (अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह). सध्या लेव्होथायरॉक्सिन 88 मायक्रोग्रॅम, रोज सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा तास आधी. शेवटचा टीएसएच 1.9, बरं वाटतं. गोळ्या साधारण तीन आठवड्यांच्या शिल्लक आहेत.

सुरुवात 50 ने, मग 75. त्यावर अनेक वर्षं स्थिर. 2021 मध्ये गरोदरपणामुळे 100, बाळंतपणानंतर पुन्हा 75 आणि टीएसएच 2.9.

2023 मध्ये टीएसएच 9.1 झाला. त्या वेळी लोह आणि कॅल्शियम याच गोळीबरोबर घेत होते. डोस 100 केला. लोहाचा कोर्स संपल्यावरही 100 चालू राहिलं. 2024 मध्ये टीएसएच 0.08, फ्री टी4 2.0 (नाशिकच्या लॅबची एककं आणि मर्यादा मागे जोडल्या आहेत). तेव्हा बायोटिन 10 मिलिग्रॅमही घेत होते, त्यामुळे हा निकाल कितपत विश्वासार्ह आहे हे नक्की नाही. त्यानंतर 88.

88 ची गोळी इथे नसल्यास 75 आणि 12.5 एकत्र, किंवा एकाआड एक 75 आणि 100, यांपैकी जे तुम्हाला योग्य वाटेल ते. आता बायोटिन घेत नाही. दुसरं मूल हवं आहे, म्हणून गरोदर राहिल्यास काय करायचं तेही सांगाल का?"

सातारचा_पेढा:
छान. "तीन आठवड्यांच्या शिल्लक" ही ओळ पहिल्या परिच्छेदात आहे, तिथेच ठेवा. नोंदणीनंतर कागदपत्रं फिरत राहतात, गोळ्या आधी संपतात. आणि आमच्याकडच्या खोक्यावर दर वेळी वेगळ्या कंपनीचं नाव येऊ शकतं. बदलल्यावर काही वेगळं वाटलं तर कंपनीचं नाव टिपून ठेवा, मग फार्मसीत एकाच कंपनीचं मागता येतं.

कोथिंबीरवडी:
ते अर्धा तास आधी ठीक आहे गं, पण मी तर चहाबरोबरच घेते, गेली दहा वर्षं. माझा टीएसएच नॉर्मल. म्हणजे फरक पडत नाही का?

नागलीभाकर:
काकू, तुम्ही रोज चहाबरोबरच घेता, म्हणून तुमचा डोसही त्या चहासकट ठरलेला आहे. उद्या चहा सोडलात तर मात्र आधी मला फोन करा.