विकेंद्रितता 1 च्या वर गेली म्हणजे बाहेरचाच का?

रेणुका, महाल: 3आय/अॅटलास धूमकेतू सूर्यमालेबाहेरून आला हे नुसत्या कक्षेवरून कसं ठरवलं? त्याच्यावर काही शिक्का तर नसतो.

प्रफुल्ल: सोपं आहे. विकेंद्रितता म्हणजे कक्षा किती ताणलेली आहे याचा आकडा. ती 1 च्या खाली असेल तर लंबवर्तुळ, तो फिरून येणार. 1 च्या वर गेली की अपास्त, म्हणजे परत न वळणारी उघडी वाट, म्हणून बाहेरचा. याची 6.1 आहे. विषय संपला.

वसुधाताई: नाही संपला, प्रफुल्ल. बोवेलचा धूमकेतू बघ. त्याची विकेंद्रितता 1.057 झाली, तरी तो आपलाच. डिसेंबर 1980 मध्ये तो गुरूपासून साधारण साडेतीन कोटी किलोमीटरवरून गेला आणि गुरूच्या ओढीने त्याचा वेग इतका वाढला की तो आता परतणार नाही. अपास्त कक्षा 'परत येणार नाही' एवढंच सांगते. कुठून आला हे बघायचं तर कक्षेचा हिशोब मागे न्यायचा, ग्रहांची ओढ वजा करायची.

मिलिंद, वर्धा रोड: पण याचा वेग सेकंदाला 68 किलोमीटर होता! आपल्या कुठल्या धूमकेतूला एवढा वेग येतच नाही.

वसुधाताई: येतो की. हॅलेचा धूमकेतूही सूर्याजवळ 54 ने धावतो, सूर्याला घासून जाणारे तर शेकडोंनी. सूर्याने दिलेला वेग वेगळा काढावा लागतो. अॅटलास ऑक्टोबर 2025 मध्ये सूर्याच्या सर्वांत जवळ होता, तिथे सूर्यापासून सुटायला 36 लागतात. 68 च्या वर्गातून 36 चा वर्ग वजा केला की 3328 उरतात, वर्गमूळ जवळपास 58. सूर्याची ओढ नसतानाही तो 58 ने येत होता. सूर्याशी बांधलेल्याकडे इथे काहीच उरत नाही.

देवानंद, रामटेक: 2 एप्रिल 2022 ला संध्याकाळी आमच्या गच्चीवरून जळत जाणारी रांग दिसली होती. माझी नात अजून विचारते. ते असंच बाहेरचं होतं का?

वसुधाताई: नाही काका, ते पृथ्वीभोवती फिरणाऱ्या रॉकेटचे तुकडे होते. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडे त्यातली कडीही पडली होती. त्यांचा वेग सेकंदाला आठेक किलोमीटर.

प्रफुल्ल: बरं, मग अॅटलासलाही दूरच्या एखाद्या न सापडलेल्या ग्रहाने ढकललं नसेल कशावरून?

वसुधाताई: ग्रह स्वतःच्या वेगाच्या फार तर दुप्पट भर घालू शकतो. गुरू 13 ने फिरतो, आणि जितका दूरचा ग्रह तितका तो हळू. 58 कुठून आणणार?

प्रफुल्ल: पण याआधी बाहेरून आलेल्या औमुआमुआची विकेंद्रितता 1.2 च आहे. बोवेलच्या शेजारी बसते ती.

वसुधाताई: आकडा शेजारी बसतो, वेग नाही. 2017 मध्ये तो बुधाच्या कक्षेच्या आत शिरला होता. सूर्याच्या जितकं जवळून जाल तितकी वाट जास्त वाकते आणि विकेंद्रितता 1 कडे येते. बाहेरून येताना त्याचा वेग 26 होता, गुरूने हाकललेल्या बोवेलकडे उरलेला 4 च्या आसपास.

मिलिंद, वर्धा रोड: मग औमुआमुआ सूर्यापासून दूर जाताना किंचित ढकलला गेला, तो कशाने? शेपूट तर दिसलीच नाही.

वसुधाताई: न दिसणारा वायू सुटत असावा असं मला वाटतं. पण त्यावर अजून एकमत नाही.