माइल्ड हायब्रिड की स्ट्रॉंग हायब्रिड: जादा पैसे मोजावेत का?

शिरीष_क: नमस्कार. वर्षाला माझी गाडी सुमारे १२,००० किलोमीटर चालते. त्यातले ९,००० शहरात आणि उरलेले महामार्गावर. एकाच गाडीच्या दोन आवृत्त्या पाहिल्या असून दोन्हींवर ‘हायब्रिड’ असेच लिहिले आहे. माइल्ड माझ्या बजेटमध्ये बसते. स्ट्रॉंगसाठी लागणारी जादा रक्कम मात्र आजच्या दराने सुमारे २,००० लिटर पेट्रोलच्या किमतीइतकी आहे आणि तेवढे कर्ज काढावे लागेल. इंधनात नेमका किती फरक पडतो?

मुक्ता: डोळे झाकून स्ट्रॉंग घ्या. आमच्याकडे तीच आहे आणि पंपावर जायचे आम्ही जवळजवळ विसरलोच आहोत. जमत असेल तर सर्वांत वरची आवृत्ती घ्या, तिच्या छताची काचही उघडते.

दत्ता_पाटील: माझी माइल्ड आहे आणि सिग्नलला तिचे इंजिन बंद पडते, म्हणजे गर्दीत तीही बॅटरीवरच चालते. मग जादा पैसे कशासाठी द्यायचे?

यंत्रवेडा: दत्ताजी, इंजिन बंद पडते हे खरे, पण गाडी उभी असते तेवढ्यापुरतेच. ब्रेकवरून पाय उचलताच ते पुन्हा सुरू होते, कारण पट्ट्याने इंजिनाला जोडलेली ती छोटी मोटर वेग घेताना इंजिनाला हात देते, एकटी गाडी ओढू शकत नाही. बहुतेक माइल्ड गाड्यांचा एसीही इंजिनाच्याच पट्ट्यावर चालतो. त्यामुळे उन्हाळ्यात सिग्नलला आधी हवा कोमट होते आणि थोड्या वेळाने इंजिन आपणहून सुरू होते, म्हणजे ज्या थांब्यांवर बचत व्हायची तिथेच ती हुकते. स्ट्रॉंगचा एसी विजेवर चालतो आणि बॅटरीत चार्ज असेल तर ती गर्दीत इंजिन न लावता पुढे सरकते. चाचणीच्या फेरीत एसी लावून, वाहनांच्या रांगेतून हे स्वतः पाहावे.

शिरीषजी, आता तुमचा हिशेब. समजा, शहरात माइल्ड लिटरला १४ आणि स्ट्रॉंग २२ किलोमीटर देते. मग ९,००० किलोमीटरला सुमारे ६४० विरुद्ध ४१० लिटर लागतील. महामार्गावर एकसारख्या वेगात ब्रेकमधून परत मिळणारी ऊर्जा फारच थोडी, म्हणून तिथे १८ आणि २० धरू. ३,००० किलोमीटरमागे जेमतेम १७ लिटर वाचतील. एकूण बचत वर्षाला २५० लिटरच्या आसपास, म्हणजे २,००० लिटर भरून निघायला आठ वर्षे, शिवाय कर्जाचे व्याज. धावणे दुप्पट असते तर चार वर्षे लागली असती.

मुक्ता: आठ वर्षे कशी? पुढे विकताना स्ट्रॉंगला जास्त भाव येईल, तो धरलाच नाही.

अण्णा_घाटवाले: बॅटरी बदलायची वेळ आली की तो भाव कुठे जातो तेही सांगा. त्यापेक्षा डिझेल घ्या. माझी डिझेल गाडी घाटात कधी दमली नाही.

यंत्रवेडा: अण्णा, शिरीषजींच्या शहरी धावण्यात डिझेलचा धूरगाळणी फिल्टर चोंदण्याची भीती अधिक. बॅटरीबद्दल मात्र एक गोष्ट नक्की पाहावी. अनेक स्ट्रॉंग गाड्यांत तिला थंड करणारी हवा मागच्या आसनाजवळच्या जाळीतून आत जाते. ती जाळी धुळीने भरली किंवा पिशव्यांनी झाकली गेली की बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य घटते. वॉरंटी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, हे लेखी घ्यावे.

रेवती_म: मूळ तुलनाच तपासावी लागेल असे मला वाटते. शिरीषजी, तुम्ही पाहिलेली माइल्ड हाताने गिअर बदलायची आहे का? स्ट्रॉंग बहुधा ऑटोमॅटिकच येते. माइल्डच्या ऑटोमॅटिकची किंमत धरली तर फरकाचा मोठा भाग हायब्रिडचा नसून गिअरबॉक्सचा निघेल.

शिरीष_क: रेवतीताई, आपण बरोबर हेरलेत. ती मॅन्युअलच होती. माइल्ड ऑटोमॅटिक धरून पाहिले तर फरक सुमारे १,२०० लिटरवर येतो, म्हणजे पाचेक वर्षांत भरून निघेल.

मुक्ता: झाले तर मग! मी पहिल्यापासून हेच सांगत होते.

यंत्रवेडा: ऑटोमॅटिक घ्यायचीच असेल तर आता माझाही कौल स्ट्रॉंगला आहे.

शिरीष_क: सर्वांचे आभार. मी माइल्ड मॅन्युअलच नोंदवली. मला ऑटोमॅटिकची गरज नाही, त्यामुळे माझ्यापुरता फरक २,००० लिटरचाच राहतो. शिवाय पुढच्या वर्षी कार्यालय घराजवळ येणार असल्याने शहरातले धावणे निम्म्यावर येईल. कमी धावण्यासाठी कर्ज काढणे मला पटत नाही.

अण्णा_घाटवाले: डिझेलची एक फेरी तरी मारून पाहायची होती.