सल्ला हवा : गिरगावातील दोन दिवसांच्या छोट्या प्रदर्शनासाठी प्रेस नोट आणि माध्यमांची यादी

नवखी_परळ

नमस्कार. मी लोअर परळमधील एका छोट्या जनसंपर्क संस्थेत दोन महिन्यांपासून इंटर्न आहे. आमच्याकडे एक छायाचित्र प्रदर्शन आले आहे. गिरगाव, काळबादेवी आणि ग्रँट रोड भागातील दुकानांवरच्या हाताने रंगवलेल्या जुन्या मराठी पाट्यांची ६० छायाचित्रे त्यात असतील. प्रदर्शन गिरगावातील एका लहान सभागृहात मार्चच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी आहे, वेळ सकाळी ११ ते सायंकाळी ७, प्रवेश विनामूल्य. रविवारी सायंकाळी ५ वाजता ७४ वर्षांचे एक पाटी रंगारी प्रत्यक्ष अक्षरे काढून दाखवणार आहेत. आजपासून बरोबर सोळा दिवस हातात आहेत.

कार्यालयातील जुन्या नमुन्यावरून मी सुरुवात अशी केली आहे : "कला क्षेत्रातील अग्रगण्य संस्थेच्या वतीने शनिवार, १५ मार्च व रविवार, १६ मार्च २०२६ रोजी एका भव्य व अनोख्या छायाचित्र प्रदर्शनाचे आयोजन करण्यात आले असून मुंबईकरांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे, असे आवाहन आयोजकांनी केले आहे." माध्यमांची यादीही कार्यालयातच मिळाली असून तीत २१४ ईमेल पत्ते आहेत. मसुद्यात काय बदलावे आणि ही यादी जशीच्या तशी वापरावी का, हे कृपया सांगावे.

कट्टेकरी_काका

बाळ, पत्रिकेत प्रमुख पाहुण्यांचे नाव सर्वांत वर, त्याखाली अध्यक्ष आणि मग निमंत्रक, असा क्रम ठेवावा. आमच्या सोसायटीच्या पत्रिकेत एकदा हा क्रम चुकला आणि एक गृहस्थ व्यासपीठावर येईनात. पत्रिकेचा कागद जाड घ्यावा.

नवखी_परळ

काका, धन्यवाद. परंतु हे निमंत्रण नसून वृत्तपत्रांना पाठवायचे प्रसिद्धीपत्रक आहे.

पीआर_पाचवर्षे

मसुदा एका पानात बसवा, हे पहिले. दुसरे म्हणजे यादी जितकी मोठी तितके बरे. २१४ जणांना बीसीसीमध्ये टाकून संस्थेच्या लेटरहेडवरील पीडीएफ एकाच वेळी पाठवून द्या. दहा टक्के लोकांनी उघडले तरी वीस होतात. दुसऱ्या दिवशी सर्वांना फोन करून "मेल मिळाला का" असे विचारा. मी सगळ्याच कार्यक्रमांसाठी असेच करतो.

माजी_उपसंपादक

एका पानाचा सल्ला योग्य आहे. बाकीच्याबद्दल मात्र माझा अनुभव वेगळा असून मी बरीच वर्षे मुंबईतील एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर अशीच पत्रके उघडत आणि बंद करत असे.

प्रथम तारीख पाहा. २०२६ मध्ये १५ मार्चला रविवार आहे, शनिवार १४ तारखेला येतो. १५ मार्च हा शनिवार होता तो २०२५ मध्ये, म्हणजे नमुना गेल्या वर्षीचा आहे आणि वर्षाचा आकडा तेवढा बदलला गेला आहे. वार आणि तारीख जुळत नसल्याचे डेस्कवर लगेच दिसते. उपसंपादकाला वेळ असेल तर तो फोन करतो, आणि बहुधा वेळ नसल्यामुळे पत्रक बाजूला पडते. पत्रकात "येत्या शनिवारी" असेही लिहू नये, कारण ते कोणत्या दिवशी छापले जाईल हे तुमच्या हातात नसते.

आता सुरुवातीचे वाक्य. "अग्रगण्य", "भव्य" आणि "अनोखे" हे तिन्ही शब्द उपसंपादक पहिल्याच वाचनात काढतो, आणि ते काढल्यावर तुमच्या वाक्यात प्रदर्शन आहे एवढेच उरते. ते कशाचे आहे हे त्या वाक्यात नाहीच. एक गोष्ट विचारतो : या साठ पाट्यांपैकी किती पाट्या आज जागेवर आहेत?

नवखी_परळ

सर, तारखेची चूक माझ्या मुळीच लक्षात आली नव्हती. छायाचित्रकारांना आत्ताच विचारले. दुकाने बंद झाल्यामुळे किंवा इमारती पुनर्विकासात गेल्यामुळे १९ पाट्या आता अस्तित्वात नाहीत, असे त्यांनी सांगितले. ही माहिती आमच्या कोणत्याही कागदावर नव्हती.

माजी_उपसंपादक

मग बातमी तीच आहे. सुरुवात साधारण अशी करून पाहा : "गिरगाव, काळबादेवी आणि ग्रँट रोड परिसरातील दुकानांच्या हाताने रंगवलेल्या ६० मराठी पाट्यांची छायाचित्रे १४ व १५ मार्च रोजी गिरगावात पाहता येणार आहेत. यांतील १९ पाट्या दुकाने बंद झाल्यामुळे किंवा इमारती पाडल्यामुळे आता उरलेल्या नाहीत." दुसऱ्या परिच्छेदात स्थळ, वेळ, विनामूल्य प्रवेश आणि पोहोचण्याचा मार्ग द्यावा. चर्नी रोड स्थानकाबरोबर मेट्रोच्या गिरगाव स्थानकाचाही उल्लेख करा, जुन्या नमुन्यात तो असणार नाही. तिसऱ्या परिच्छेदात रंगारी आजोबा. आयोजक संस्थेची ओळख शेवटी, दोन वाक्यांत. जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापत येतो, त्यामुळे कापले गेले तरी चालेल असेच खाली ठेवायचे. १९ हा आकडा मात्र छायाचित्रकारांकडून पाट्यांच्या नावांसह लिहून घ्या, कारण बातमीदार पहिला प्रश्न त्यावरच विचारील.

याहून मोठी अडचण कार्यक्रमाच्या आखणीत आहे. प्रात्यक्षिक रविवारी सायंकाळी ५ वाजता आहे, म्हणजे त्याचे छायाचित्र सोमवारच्या अंकात येईल आणि तोपर्यंत प्रदर्शन संपलेले असेल. ग्राहकाला कात्रण मिळेल, पण त्या बातमीमुळे एकही माणूस प्रदर्शनाला येणार नाही. जमले तर आजोबांना शनिवारी सकाळी ११ वाजताही अर्धा तास बसण्याची विनंती करा, म्हणजे रविवारच्या अंकासाठी छायाचित्र मिळू शकते. ते जमत नसेल तर आठवडाभर आधी त्यांच्या कामाच्या जागी जाऊन, त्यांच्या संमतीने, ब्रश हातात असलेले चांगले छायाचित्र काढून घ्या आणि ते पत्रकासोबत पाठवा.

वाचनालयवाली

दोन व्यावहारिक गोष्टी मी सांगते, कारण आमच्या वाचनालयाच्या कार्यक्रमात मी दोन्ही चुका केल्या होत्या. मी पत्रक जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप करून त्याची पीडीएफ पाठवली. एका बातमीदाराने मजकूर उचलून पाहिला तेव्हा त्याच्या पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे उमटली. त्याने मोकळेपणाने सांगितले की आपण परत टाइप करणार नाही. तेव्हापासून मी संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये ईमेलच्या अंगातच देते आणि वर्ड फाइल वेगळी जोडते. छायाचित्रेही व्हॉट्सॲपवर साधी पाठवली तर लहान होऊन पोहोचतात, म्हणून ती ईमेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवावीत आणि प्रत्येकाखाली फोटो ओळ व छायाचित्रकाराचे नाव द्यावे.

आणखी एक विचारायचे आहे. आम्हाला एका दैनिकाच्या मार्केटिंग विभागाकडून उत्तरादाखल थेट दरपत्रकच आले होते. असे आले तर काय करायचे?

माजी_उपसंपादक

तो पत्ता जाहिरात विभागाचा असणार. माध्यमांच्या यादीत त्याला स्थान नाही, वेगळ्या पानावर नोंदवून ठेवा. पैसे देऊन छापलेला मजकूर ही जाहिरातच असते आणि ग्राहकाला अहवाल देताना तिला बातमी म्हणू नये.

नवखी_परळ

काल आणि आज मिळून २१४ पत्ते तपासले. चाचणी म्हणून नुसती विचारणा केली तेव्हा ३१ पत्ते परत आले. पुष्कळ नावे क्रीडा, शेअर बाजार आणि गुन्हेवृत्त पाहणाऱ्यांची होती आणि काही जण आता त्या वृत्तपत्रांत नाहीतच. मग मी उलट बाजूने सुरुवात केली : गेल्या तीन महिन्यांत चाळी, जुनी दुकाने, मुंबईचा इतिहास यांवर कोणी लिहिले ते शोधले. पण मराठी वृत्तपत्रांत बहुतेक ठिकाणी "प्रतिनिधी" एवढेच असते, नाव नसते. तेथे काय करावे?

माजी_उपसंपादक

उलट बाजूने केलेली सुरुवात योग्य आहे. नाव नसेल तेथे वृत्तपत्राच्या कार्यालयात दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान फोन करून "दक्षिण मुंबईचे सांस्कृतिक कार्यक्रम कोण पाहतात" एवढेच विचारा. सायंकाळी सहानंतर फोन करू नका, तेव्हा प्रत्येक जण कॉपी देण्याच्या घाईत असतो. "मेल मिळाला का" हा प्रश्नही टाळा. फोन करायचाच तर सांगण्यासारखे नवे काहीतरी हवे, उदाहरणार्थ आजोबा शनिवारी सकाळीही बसणार आहेत.

यादीत नाव आणि ईमेल यांखेरीज आणखी दोन रकाने करा : त्या व्यक्तीने लिहिलेली शेवटची संबंधित बातमी आणि तिला नेमके काय हवे. पुरवणीचे पान आधीच लागते, म्हणून पुरवणी पाहणाऱ्यांना दहा-बारा दिवस आधी रंगारी आजोबांची गोष्ट आणि छायाचित्रे द्यावीत. "आजचे कार्यक्रम" पाहणाऱ्याला पाच-सहा दिवस आधी चार ओळी पुरतात, त्याला पूर्ण पत्रक नको असते. शहर बातमीदाराला दोन-तीन दिवस आधी आमंत्रण द्यावे आणि वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराला केवळ वेळ, ठिकाण व समोर काय दिसेल ते सांगावे. शनिवार-रविवारी अनेकांची साप्ताहिक सुटी असते, म्हणून त्या दिवशी कामावर कोण आहे हे शुक्रवारी विचारून घ्या.

एक धोका लक्षात असू द्या. १९ मार्चला गुढीपाडवा आहे आणि गिरगावच्या शोभायात्रेची तयारी त्या आठवड्यात जोरात असेल. गिरगाव पाहणाऱ्या बातमीदाराचे लक्ष तिकडेच राहील, त्यामुळे त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

पीआर_पाचवर्षे

पाडव्यामुळेच गिरगावावर पुरवण्या निघतील, त्यात हे प्रदर्शन सहज बसेल. माझ्या मते एकाच मोठ्या दैनिकाच्या पुरवणीला ही गोष्ट आधी आणि एकट्यालाच द्यावी. सर्वांना दिली तर कोणीच मोठी छापणार नाही.

माजी_उपसंपादक

पाडव्याच्या पुरवणीचा मुद्दा मला मान्य आहे, फक्त ती पुरवणी प्रदर्शनानंतर निघाली तर उपयोग नाही, त्यामुळे तारीख आधी विचारून घ्यावी. एकट्याला देण्याबद्दल मी साशंक आहे. त्या पुरवणीने ऐनवेळी पान बदलले तर तुमच्याकडे काहीच राहत नाही. फार तर आजोबांची गोष्ट एकाला द्या आणि १९ पाट्यांची बातमी बाकी सर्वांना मोकळी ठेवा.

वाचनालयवाली

आम्ही एकदा एकालाच दिले होते आणि अर्धे पान मिळाले. दुसऱ्या वर्षी तसेच केले तर काहीच आले नाही. त्यामुळे मलाही ठरवता येत नाही.

नवखी_परळ

यादी २३ नावांवर आली आहे आणि त्यांपैकी १७ जणांची शेवटची बातमी मी स्वतः वाचली आहे. ईमेलचा विषय "१४-१५ मार्च, गिरगाव : दुकानांच्या ६० जुन्या पाट्या, त्यांतील १९ आता नाहीत" असा ठेवला आहे. आजोबा शनिवारी सकाळी येण्यास तयार आहेत, मात्र त्यांना अकराऐवजी साडेअकरा सोयीचे आहे. एकट्या पुरवणीला द्यायचे की नाही, हे आमच्या वरिष्ठ ताई उद्या ठरवणार आहेत. पत्रकात संपर्कासाठी माझा क्रमांक द्यावा की छायाचित्रकारांचा?

माजी_उपसंपादक

साडेअकरा चालेल. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना मात्र पावणेबाराची वेळ द्या, म्हणजे ते पोहोचतील तेव्हा पाटीवर दोन-तीन अक्षरे उमटलेली असतील, कोरी पाटी छायाचित्रात काही सांगत नाही. क्रमांक तुमचाच द्या आणि त्या दोन दिवसांत अनोळखी क्रमांकावरून आलेला प्रत्येक फोन उचला. १९ पाट्यांची नावे असलेला कागद तेव्हा हाताशी ठेवा.