अनुभव धागा: प्रोस्टेटच्या कॅन्सरचे उपचार झाल्यावर ताठरता कशी, किती आणि कधी परत आली?

रावेरचा केळीवाला

राम राम मंडळी. या विषयावर आपल्याकडे घरातही कोणी बोलत नाही, म्हणून धागा मीच काढतो. ऑपरेशन झालेल्यांनी, शेक घेतलेल्यांनी आणि घरच्यांनीही लिहावं.

माझं ऑपरेशन ५९व्या वर्षी झालं. साखर नाही, आधी काही अडचण नव्हती, दोन्ही बाजूंच्या नसा वाचवल्या असं सर्जननं सांगितलं. मी समजलो, नसा वाचल्या म्हणजे महिन्याभरात सगळं जागेवर येईल. तिसऱ्या महिन्यात सिल्डेनाफिलची १०० ची गोळी उपाशीपोटी घेतली. काहीच झालं नाही. पुन्हा दोनदा घेतली, तेच. त्या रात्री मी मनातून हा विषय बंद केला आणि गच्चीवर झोपायला जाऊ लागलो. पाचव्या महिन्यात बायकोनंच डॉक्टरांना विचारलं, तेव्हा कारण कळलं. वाचवलेली नसही ऑपरेशनमध्ये ताणली जाते, दुखावते आणि कित्येक महिने झोपून राहते. गोळी ताठरता स्वतः आणत नाही, नसेकडून आलेला निरोप फक्त मोठा करते. निरोपच नसेल तर गोळी काय करणार?

मग लिंगावर लावून हवा ओढायचा पंप आणि लिंगात टोचायची ताठरतेची सुई सुरू झाली. अकराव्या महिन्यात पहाटे थोडा जडपणा जाणवला. अठराव्या महिन्यात तीच गोळी पहिल्यांदा लागू पडली. आज गोळी घेऊन जमतं, गोळीशिवाय अर्धवट. पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही.

चोपड्याचे अण्णा

माझंही प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून, लघवी अडकत होती म्हणून. ताठरता पहिल्यासारखी आहे, फक्त वीर्य बाहेर येत नाही. भाऊ, तुम्ही उगाच घाबरलात का?

निवृत्त ब्रदर, जळगाव

अण्णा, तुमचं ऑपरेशन वेगळं. तुमची ग्रंथी आतून खरवडली, नसा बाहेरच्या बाजूनं जातात, त्यांना सहसा धक्का लागत नाही. वीर्य उलटं मूत्राशयात जातं, एवढंच. केळीवाल्या भाऊंची ग्रंथी पूर्ण काढली आहे आणि त्या नसा तिच्या दोन्ही अंगांना चिकटून असतात. त्यांना वीर्य येणारच नाही, पण कळसाचं सुख येतं, ताठरता नसली तरी येतं. हे पेशंटला आधी कोणी सांगत नाही आणि तो घाबरतो.

अमळनेर ६६

मी पंप रोज वापरतो. रोज ओढल्यानं नस वाढते, असं दुकानदारानं सांगितलं. नंतर ताठरता टिकावी म्हणून बुडाशी चढवायची रिंग तासभर ठेवतो, म्हणजे फायदा जास्त.

निवृत्त ब्रदर, जळगाव

दादा, रिंग आधी काढा. तिची मर्यादा ३० मिनिटं. रिंग असते तेव्हा आतलं रक्त अडकतं, म्हणून लिंग गार आणि निळसर लागतं. तासभर ठेवलं तर आतल्या पेशींना इजा होते. रिंग फक्त संबंधाच्या वेळी.

रोजचा व्यायाम रिंगेशिवाय करायचा. बुडाशी पाण्याची जेली लावायची, हळूहळू हवा ओढायची, एक-दोन मिनिटं धरून सोडायची, परत ओढायची, सगळं मिळून दहा मिनिटं. दुखलं तर जास्त ओढलं असं समजा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

आणि पंपानं नस वाढत नाही. झोपेत रोज रात्री ताठरता येते, त्यातून लिंगाच्या आतल्या मऊ पेशींना ताजं रक्त मिळतं. नस झोपली की तेही बंद होतं, पेशी आखडतात, लांबीही कमी होते. पंप, सुई आणि रोजची कमी डोसची टॅडालाफिल यांचं काम म्हणजे नस जागी होईपर्यंत ते घर पडू न देणं. रोज गोळी घेतल्यानं शेवटी गोळीशिवायची ताठरता जास्त लोकांना परत येते, हे मात्र अभ्यासांत नीट सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे डॉक्टरांचीही यावर वेगवेगळी मतं असतात.

छातीसाठी सॉर्बिट्रेटसारखी गोळी घेणाऱ्यांनी मात्र या गोळ्यांपैकी एकही घेऊ नये. रक्तदाब इतका खाली येतो की जीवावर बेतू शकतं.

रावेरचा केळीवाला

सुईबद्दल विस्तारानं लिहितो, कारण चूक माझी झाली होती. नाव ऐकून अंगावर काटा येतो, पण इन्शुलिनसारखी बारीक सुई असते. बाजूला टोचायची, वर नाही, खाली नाही. वरून नसा-शिरा जातात, खालून लघवीचा मार्ग. एकदा डावीकडे, पुढच्या वेळी उजवीकडे, आणि नंतर दोन-तीन मिनिटं दाबून धरायचं. पहिला डोस दवाखान्यात दिला, अगदी कमी. दहा-पंधरा मिनिटांत ताठरता आली. पाच महिन्यांनी आपलं शरीर पुन्हा आपलं वाटलं, मी तिथंच रडलो.

घरी चौथ्या वेळी मी मनानं डोस वाढवला. रात्री अकराची वेळ होती. साधारण तासाभरात उतरायला हवं होतं, दोन तास झाले तरी उतरेना. जिना चढलो-उतरलो, बर्फ लावला, दुखायला लागलं. चार तासांच्या पुढे गेलं तर आतल्या पेशी मरतात, हे मला सांगितलं होतं. रावेरहून जळगाव गाठायचं, घरी गाडी नव्हती, शेजारच्या पोराला उठवलं. तिथं सुईनं रक्त काढलं, औषध दिलं, मग उतरलं. आता डोस डॉक्टर सांगतील तोच. आठवड्यात दोन-तीन वेळांहून जास्त नाही, एका दिवसात दोनदा तर नाहीच. आणि सुई संध्याकाळी, गाडी हाताशी असताना.

सौ., भुसावळ

घरच्यांनीही लिहावं म्हणालात म्हणून लिहिते. ह्यांना वाटायचं मी नाराज आहे. मला वाटायचं ह्यांना मी नको झाले. आठ महिने आम्ही नुसते भाजीचं आणि नातवाचं बोललो. पुन्हा जवळ आलो तेव्हा कळसाच्या वेळी ह्यांची थोडी लघवी सुटली आणि हे उठून बाथरूममध्ये जाऊन बसले. डॉक्टरांनी सांगितलं, हे बऱ्याच जणांना होतं. आधी लघवी करून घ्या, लागलं तर कंडोम वापरा, टॉवेल जवळ ठेवा. एवढ्या साध्या गोष्टीसाठी आमचे आणखी दोन महिने गेले.

धुळे, शेकवाला

माझं ऑपरेशन नाही, रेडिएशन झालं, सोबत दर तीन महिन्यांनी हॉर्मोनची सुई, दीड वर्ष. माझं उलटं आहे. सुरुवातीला ताठरता होती, इच्छाच नव्हती. ती त्या सुईमुळे, असं सांगितलं. सुई बंद झाल्यावर इच्छा हळूहळू आली, पण तोवर ताठरता उतरू लागली. शेकानं रक्तवाहिन्या सावकाश आकसतात, त्यामुळे दोन-तीन वर्षांनीही फरक पडतो म्हणे. गोळी मला अजून लागते. मी आत्तापासूनच पंप सुरू करू का? एका डॉक्टरांनी हो म्हटलं, दुसऱ्यांनी गरज नाही म्हटलं.

शहाद्याचे आप्पा

मी ६८, साखर पंधरा वर्षांची. एका बाजूची नस गाठीसोबत काढावी लागली. अडीच वर्षं झाली, गोळी लागली नाही, पहाटेही काही नाही. केळीवाल्या भाऊंचे महिने वाचून मी मोजत बसलो होतो. आता सुईवर चाललंय, तेवढं जमतं. हात थरथरतो म्हणून सुई बायको टोचते. कृत्रिम रॉड बसवायचं डॉक्टर म्हणतात, पण एकदा बसवला की मागे फिरता येत नाही. कोणी बसवला असेल तर खर्चाचं नको, बसवल्यावर पहिले दोन महिने कसे गेले ते लिहा.

रावेरचा केळीवाला

आप्पा, माझे महिने तुमच्यासाठी मोजू नका. मला साखर नाही आणि दोन्ही नसा शाबूत होत्या. रॉडवाल्यांची मीही वाट बघतो आहे.