प्राचार्या म्हणतात "वापरा, पण सांगून वापरा" – पटतं का तुम्हाला?

गोदाकाठ
मुलगी यंदा एफवायबीएला लागली, परवा कॉलेजात दीक्षारंभाचा कार्यक्रम होता, पालकांनाही बोलावलं होतं. प्राचार्या मॅडम अर्धा तास फक्त चॅटजीपीटी, ग्रामरली, भाषांतराची ॲप्स यावरच बोलल्या. थोडक्यात असं की, चुका सुधारायला, अवघड इंग्रजी उतारा समजून घ्यायला वापरा, फक्त असाइनमेंटच्या शेवटी दोन ओळी लिहा की काय वापरलं आणि कशासाठी. मुद्दे, त्यांचा क्रम, उदाहरणं तुमची पाहिजेत, आणि जो संदर्भ लिहाल तो तुम्ही स्वतः उघडून बघितलेला पाहिजे. कच्चं लिखाण फेकू नका. आणि शेवटचं म्हणजे सॉफ्टवेअरने टक्का दाखवला म्हणून आम्ही कुणाला दोषी धरणार नाही, समोर बसवून पाच मिनिटं विचारू.
मला हे काही पटलं नाही. एकदा "वापरा" म्हटल्यावर कोण कुठे थांबणार? जी पोर सगळं स्वतः लिहिते तिने काय करायचं? बंदीच का नाही घालत सरळ?

जुना_फळा
अगदी बरोबर बोललात. मी ३१ वर्षं शिकवलं. पहिल्या वर्षाच्या मुलाला मुळात परिच्छेद कसा बांधायचा हे शिकायचं असतं, वाक्य अडलं की त्याच्याशी झटायचं असतं, आणि नेमकं तिथेच तुम्ही त्याच्या हातात आयतं वाक्य देताय. "चुका सुधारायला" म्हणजे काय हो? आज स्पेलिंग सुधारेल, उद्या बटण दाबून आख्खा परिच्छेद "सुधारून" घेईल, दोन्हीला तो सुधारणाच म्हणणार. माझं मत स्पष्ट आहे, असाइनमेंट वर्गात बसून हाताने लिहून घ्या, पुस्तक जवळ ठेवू द्या हवं तर.

निखिल_सांगोला
अहो पण यूजीसीचा नियम आहे ना, १० टक्क्यांपर्यंत चालतं म्हणून. २०१८ चा आहे. मग कॉलेजने वेगळं काही करायची गरजच काय, सॉफ्टवेअरला लावायचं, १० च्या आत आलं तर पास, वर गेलं तर परत लिही. प्राचार्या टक्का मानणार नाहीत म्हणजे यूजीसीचा नियमच मानत नाहीत असं झालं की.

ग्रंथपाल_विदर्भ
निखिल, नियम २०१८ चाच आणि १० टक्केही बरोबर, पण तो आकडा दुसऱ्याच गोष्टीचा आहे. तो साम्याचा टक्का आहे, म्हणजे तुमचा मजकूर आधी छापलेल्या मजकुराशी किती जुळतो. १० च्या आत असेल तर शिक्षा नाही, ४० पर्यंत गेला तर सहा महिन्यांत दुरुस्त करून द्या, असं पुढे चढत जातं आणि ६० च्या वर नोंदणी रद्द. आमच्याकडे पीएचडीचे प्रबंध याच चाळणीतून जातात, ते काम मीच करतो. पण त्याच नियमावलीच्या व्याख्येत लिहिलंय की असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट, उत्तरपत्रिका यात धरायच्या नाहीत. म्हणजे एफवायच्या पोरीला तो नियम लागूच नाही, कॉलेजला स्वतःचं धोरण ठरवावंच लागतं.

आणि चॅटजीपीटीने लिहून दिलेला मजकूर कुठून उचललेला नसतो, त्यामुळे साम्य दोन-तीन टक्केही येऊ शकतं. तो "एआय टक्का" वेगळा, तो निव्वळ अंदाज असतो. वाक्यं किती अपेक्षित वळणाची आहेत यावरून यंत्र ठरवतं. ज्या कंपनीने चॅटजीपीटी बनवलं तिनेच जानेवारी २०२३ मध्ये असं ओळखयंत्र काढलं होतं, आणि अचूकता कमी म्हणून जुलैत बंद केलं. त्यांच्याच आकड्यांप्रमाणे ते यंत्राच्या मजकुरापैकी २६ टक्केच पकडायचं आणि माणसाने लिहिलेल्यापैकी ९ टक्क्यांना यंत्राचं म्हणायचं. आता १२० मुलांच्या वर्गात ९ टक्के म्हणजे दहा-अकरा निरपराध पोरं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या लोकांनी अशी सात यंत्रं तपासली, तर इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निबंध सरासरी निम्म्याहून जास्त वेळा यंत्राचे ठरवले गेले. कारण सोपं आहे, आपली मुलं परक्या भाषेत लिहिताना ठरलेले शब्द आणि साधी वाक्यं वापरतात. मॅडम टक्का पुरावा मानत नाहीत हे त्यांच्या भाषणातलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य आहे असं माझं मत.

वैशाली_खोत
मला मराठी लिहायचं साधन हवं होतं कुणाला माहीत असेल तर. मी मोबाइलवर बोलून टाइप करते पण "पाणी" म्हटलं की "पानी" येतं आणि अनुस्वार कुठेही पडतात. कॉलेजच्या मुलांना चालेल असं शुद्धलेखन तपासणारं काही आहे का? आणि हे पण "वापरलं" म्हणून लिहावं लागेल का?

ग्रंथपाल_विदर्भ
ताई, बोलून टाइप करणं हे लिहिण्याचं काम तुमचंच आहे, शब्द तुमच्या तोंडचे आहेत, माझ्या मते ते सांगायची गरज नाही. शुद्धलेखनासाठी लिब्रेऑफिसमध्ये मराठीचा कोश जोडता येतो, तो लाल रेघ मारतो, वाक्य बदलत नाही. त्याची चर्चा वेगळ्या धाग्यावर करू.

तासिकावाला
मी अर्थशास्त्र शिकवतो, सीएचबीवर. ग्रंथपाल सर म्हणतात ते सगळं खरं, पण पाच मिनिटं विचारू हे कोण विचारणार? माझ्या वर्गात १२० मुलं, १२० गुणिले पाच म्हणजे दहा तास, एका असाइनमेंटला, आणि मला पैसे मिळतात घेतलेल्या तासिकेचे. त्या दहा तासांचे नाही. प्राचार्यांनी स्टेजवरून सांगून टाकलं, वेळापत्रकात जागा दिली का हे विचारा.

तरीही सांगतो की मी हे करतो, कारण दुसरं काही चालत नाही. सगळ्यांना नाही बोलावत. आधी संदर्भ बघतो, कारण तिथे पकडायला वेळ लागत नाही. गेल्या वर्षी रोजगार हमी योजनेवर असाइनमेंट होती. एका मुलाचं इंग्रजी फार गुळगुळीत, ते सोडलं मी, गुळगुळीत असणं हा गुन्हा नाही. पण त्यात लिहिलं होतं की योजना १९७७ च्या दुष्काळात सुरू झाली. दुष्काळ १९७२ चा, कायदा १९७७ चा, दोन्हीचं एकत्र करून टाकलेलं. खाली संदर्भ होता ईपीडब्ल्यू या इंग्रजी साप्ताहिकाचा, खंड ३१, १९८७. आता ईपीडब्ल्यू या नावाने १९६६ ला सुरू झालं, तो खंड पहिला, म्हणजे सालातून १९६५ वजा केले की खंड मिळतो, १९८७ ला खंड २२ पाहिजे. ३१ येणंच शक्य नाही. मग लेखाचं नाव त्यांच्या साइटवर शोधलं, त्या नावाचा लेखच नाही. लेखिकेचं नाव मात्र खऱ्या अभ्यासकाचं, म्हणून दिसायला सगळं खरं वाटतं.

त्याला बोलावलं. विचारलं हा लेख कुठे वाचलास, तो गप्प. मग म्हटलं तुमच्या गावात या योजनेतून काय झालंय? तर तो बोलायला लागला, त्याची आजी बहात्तरला खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची, गावचा पाझर तलाव तेव्हाचाच, त्यात आता गाळ भरलाय आणि त्याची शेती त्याच्या खालच्या अंगाला आहे. यातली एक ओळ असाइनमेंटमध्ये नव्हती. मी असाइनमेंट परत दिली, आठ दिवस दिले, सांगितलं आजीला विचारून मराठीत लिही आणि लायब्ररीत मिळेल तो एकच संदर्भ दे. चार पानं आणली, हस्ताक्षर वाईट, पण मजुरी कशी मिळायची, हजेरी कोण मांडायचं, हे सगळं होतं त्यात.

जुना_फळा
तुमची तळमळ कळते, पण खोटा संदर्भ देणाऱ्याला दुसरी संधी आणि ज्याने पहिल्यांदाच खरं लिहिलं त्याला काय? आमच्या वेळी शून्य दिला असता. आणि तुम्ही सांगितलेलंच माझ्या बाजूचं आहे, त्याला वर्गात बसवून लिहायला लावलं असतं तर पहिल्याच दिवशी आजी कागदावर आली असती.

तासिकावाला
सर, वर्गात लिहायला दिल्यावर तो गाइडातलं पाठ केलेलं लिहितो, आजी तिथेही येत नाही. प्रश्नच बदलावा लागतो, "योजनेची वैशिष्ट्ये लिहा" असं विचारलं तर यंत्र काय आणि गाइड काय, सारखंच. शून्याचं म्हणाल तर पहिलं वर्ष होतं, त्याला संदर्भ म्हणजे काय हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. दुसऱ्या वर्षी असं केलं असतं तर शून्यच दिला असता.

ऋतुजा_एसवाय
मी विद्यार्थी आहे, बीएस्सीला, दहावीपर्यंत मराठी माध्यम. आमच्याकडे रिपोर्ट इंग्रजीतच लागतो. मी वहीत मराठीत लिहिते, मग भाषांतराच्या ॲपमध्ये टाकते, मग चुका वाटतील त्या बदलते. आमच्याही कॉलेजात असंच सांगितलं होतं की वापरलं तर लिहा, म्हणून मी प्रामाणिकपणे शेवटी लिहिलं. मला १० पैकी ५ मिळाले आणि शेरा "लँग्वेज नॉट युवर ओन". ज्या मैत्रिणींनी सगळंच करून घेतलं आणि काहीच लिहिलं नाही त्यांना ८-९. आता सांगा पुढच्या वेळी मी लिहू का? प्रयोग मी केला, रीडिंग माझे, ग्राफ माझा, निष्कर्ष माझा. भाषा माझी नाही हे मला आधीच माहितीये ना.

गोदाकाठ
ऋतुजा, हे वाचून वाईट वाटलं. मला वाटत होतं "सांगून वापरा" म्हणजे पळवाट, पण इथे तर सांगणाऱ्यालाच मार बसला. म्हणजे धोरण कागदावर एक आणि मार्क देणारा दुसराच.

ग्रंथपाल_विदर्भ
तोच खरा अडथळा आहे. सांगण्याचे मार्क कापले की पुढच्या वर्षी कुणीही सांगणार नाही. ऋतुजा, तू मराठी पानांचे फोटो रिपोर्टला जोड, तारीख घालून. गुगल डॉक्समध्ये लिहीत असशील तर जुन्या आवृत्त्या आपोआप साठतात, फाइलमध्ये जाऊन आवृत्तींचा इतिहास उघडला की दिसतं की मजकूर तीन दिवसांत हळूहळू वाढला की एका मिनिटात हजार शब्द येऊन पडले. याला मर्यादा आहे, दुसऱ्या स्क्रीनवर बघून कुणी हाताने टाइप केलं तर इतिहास स्वच्छच दिसतो. म्हणून तो तुझ्या बाजूने दाखवायला चांगला, दुसऱ्यावर आरोप करायला अपुरा.

निखिल_सांगोला
१० टक्क्यांचं माझं चुकलं, मान्य. पण आमच्या गावाकडची पोरं मोबाइलवर लिहून कॅफेत प्रिंट काढतात, त्यांचा कसला इतिहास. वही ठेवा हेच खरं. आणि ऋतुजा म्हणते ते भाषांतर, ते प्रामाणिक आहे की नाही हे कुणी स्पष्ट बोललंच नाही अजून.

जुना_फळा
मी बोलतो. विज्ञानाच्या रिपोर्टला मला ते चालेल, तिथे रीडिंग महत्त्वाचे. इंग्रजी साहित्याच्या वर्गात चालणार नाही, तिथे भाषा हाच विषय आहे.

तासिकावाला
आणि अर्थशास्त्रात? तिथे मला ठरवता येत नाहीये. मी मराठीतच घ्या म्हणतो, पण एमएला गेल्यावर तीच पोरं इंग्रजीत अडतात.

गोदाकाठ
पुढच्या शनिवारी पालक सभा आहे. मी दोनच गोष्टी विचारणार आहे, ज्याने शेवटी दोन ओळी लिहिल्या त्याचे मार्क त्यामुळे कापले जाणार नाहीत हे लेखी देणार का, आणि त्या पाच मिनिटांसाठी शिक्षकांना वेळापत्रकात तास देणार का. बंदीबद्दल माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. काय उत्तर मिळतं ते इथेच लिहीन.