मदत हवी आहे: सीझियम-137 च्या स्पेक्ट्रमात 32 ला शिखर कुठून येतंय आणि 100 मागं 85 च गॅमा का?

नांदेडचा_एमेस्सी
नमस्कार मंडळी, एमएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष चालूय, सोडियम आयोडाइड डिटेक्टरवर सीझियम-137 चं प्रॅक्टिकल करायलोय. 662 केईव्हीचं शिखर एकदम झकास आलं, पण खाली 32 च्या आसपास अजून एक चांगलं मोठं शिखर आहे, आणि दुसरं म्हणजे पुस्तकात लिहिलंय की 100 पैकी साधारण 94 वेळा बेरियमचं केंद्रक 662 च्या उत्तेजित पातळीवर येतं, मग गॅमा 85 च का निघतात, बाकीचे नऊ कुठं गेले? व्हायवा सोमवारी आहे, नुसतं पाठ करून जायचं नाही मला, समजून घ्यायचंय.

लातूरकर_७७
32 चं काय एवढं, शिशाच्या विटा असतील आजूबाजूला, गॅमा त्याच्यावर आदळला की शिशाचे एक्स-रे येतात. आणि ते नऊ म्हणजे इंटर्नल कन्व्हर्जन, गॅमा बाहेर निघता निघता स्वतःच्याच अणूतल्या इलेक्ट्रॉनला धडकतो आणि त्याला उडवतो, संपलं.

परभणीचे_सर (निवृत्त)
लातूरकर, शिशाचे एक्स-रे येतात हे खरं, पण ते 75 आणि 85 च्या आसपास येतात, 32 ला नाही. 32 हे बेरियमच्या के कवचाचे एक्स-रे आहेत. नाव बरोबर सांगितलंत, पण गॅमा आधी जन्मतो आणि मग इलेक्ट्रॉनला धडकतो हे चित्र चुकीचं आहे बरं का, मीही विद्यार्थी असताना वर्षभर तेच धरून बसलो होतो. केंद्रकाला ऊर्जा टाकायच्या दोन वाटा असतात, एक गॅमा आणि दुसरी म्हणजे केंद्रकाचं विद्युतचुंबकीय क्षेत्र थेट जवळच्या इलेक्ट्रॉनला ऊर्जा देतं, मधे गॅमा नसतोच. दोन्ही वाटा एकाच वेळी उघड्या असतात, म्हणून त्या पातळीचं आयुष्य दोन्ही मिळून ठरतं. जर्मेनियम-72 मध्ये 0.69 एमईव्हीची एक पातळी आहे, तिचा स्पिन शून्य आणि खालच्या मूळ पातळीचाही शून्य, असा एकटा गॅमा निघणं शक्यच नाही, तरी इलेक्ट्रॉन निघतात. गॅमाच नाही तर धडकणार कोण?

नांदेडचा_एमेस्सी
सर हे जर्मेनियमवालं एकदम पटलं. पण मग नऊचा हिशोब कसा लावायचा?

परभणीचे_सर (निवृत्त)
बेरियममध्ये 85 गॅमांमागं साधारण 9.4 वेळा कन्व्हर्जन होतं, गुणोत्तर 0.11 च्या आसपास. 85 अधिक साडेनऊ, तुझे 94 भरले. त्या साडेनऊपैकी पावणेआठच्या आसपास के कवचातून जातात, कारण के चे इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जवळ सगळ्यात जास्त वावरतात. के ला सोडवायला 37.4 केईव्ही लागतात म्हणून तो इलेक्ट्रॉन 624 ला बाहेर पडतो. आता के मध्ये जागा रिकामी झाली, वरचा इलेक्ट्रॉन खाली आला, उरलेली ऊर्जा 10 पैकी 9 वेळा एक्स-रे होऊन जाते, तेच तुझं 32 चं शिखर, 100 क्षयांमागं साधारण सात. दहाव्या वेळी ती ऊर्जा दुसऱ्याच इलेक्ट्रॉनला मिळते आणि तो उडतो, तो ऑजे, बेरियमला साधारण 26 केईव्हीचा. म्हणजे शर्यत दोनदा होते, आधी केंद्रकात आणि मग कवचांत. हलक्या मूलद्रव्यांत दुसऱ्या शर्यतीत ऑजेच पुढं असतो.

बीडची_ताई
माझ्या आईचा बोन स्कॅन झालाय टेक्निशियम-99m टोचून, त्यात पण हेच होतं का? असे इलेक्ट्रॉन अंगात राहिले तर काही होत नाही ना?

परभणीचे_सर (निवृत्त)
ताई, होतं तिथंही. कॅमेऱ्याला 140 चे गॅमा लागतात, ते 100 मागं 89 च्या आसपास निघतात. पण त्याच्या आधी 2.17 केईव्हीची छोटी पायरी असते, तिथं गॅमा जवळजवळ हरतोच, सगळं कन्व्हर्जन. म्हणूनच टेक्निशियम कोणत्या संयुगात आहे यावर अर्धायुष्य अगदी थोडं, टक्क्याच्याही आत बदलतं, कारण बाहेरचे इलेक्ट्रॉन त्या वाटेत भाग घेतात. हे इलेक्ट्रॉन फार लांब जात नाहीत, त्यांची ऊर्जा जवळच जिरते. आईंच्या डोसबद्दल मात्र स्कॅन सांगणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, ते मी सांगणं बरोबर नाही.

लातूरकर_७७
बरं शिशाचं चुकलं माझं. पण मुला, 32 खरंच सोर्समधूनच येतंय का ते बघायचं असेल तर मधे एक मिलिमीटर तांब्याचा पत्रा धर.

नांदेडचा_एमेस्सी
धरला आज! 32 गायबच झालं आणि 662 थोडंसंच कमी झालं. पण सर, एक अडचण उरलीय, 32 चं क्षेत्रफळ 662 च्या तिसऱ्या हिश्श्याएवढं येऊ लागलंय, सात भागिले 85 तर 0.08 च होतं ना?

परभणीचे_सर (निवृत्त)
32 चा एक्स-रे स्फटिकात जवळजवळ सगळाच अडकतो, 662 चे बरेच आरपार जातात किंवा कॉम्प्टनमध्ये जाऊन शिखराच्या बाहेर पडतात. म्हणून गुणोत्तर वाढतं. उलट सोर्सचं प्लास्टिक आणि डिटेक्टरचं ॲल्युमिनियमचं टोपण 32 ला थोडं खातं. दोन्हीची दुरुस्ती केल्याशिवाय 0.08 शी तुलना करू नकोस, आणि तुझ्या स्फटिकाचा आकार न कळता मी आकडा देऊ शकत नाही.

नांदेडचा_एमेस्सी
स्फटिकावरचं लेबल पुसलंय, उद्या लॅब असिस्टंट काकांना विचारतो. अजून एक, 624 चा इलेक्ट्रॉन स्वतः बघायचाय मला, मुख्य बीटा 514 लाच संपतो म्हणजे तो वेगळा उठून दिसायला पाहिजे, पण आमचा सोर्स बंद चकतीत आहे. मराठवाड्यात कुठल्या कॉलेजात पातळ खिडकीचा सिलिकॉन डिटेक्टर आणि उघडा सोर्स वापरू देतात का, कुणी केलंय का?

लातूरकर_७७
आमच्याकडं नाही बाबा.